पत्रकात बसेल एवढी वहिनी

निवडणुकीच्या पत्रकातला माणूस मला बेळगावात आजपर्यंत कुठंही भेटलेला नाही. खडेबाजारात नाही, गणपत गल्लीत नाही, रेल्वे गेटला अर्धा तास अडकून पडल्यावर आजूबाजूच्या गाड्यांवरसुद्धा नाही. उच्चविद्याविभूषित, निष्कलंक, कार्यसम्राट, दांडगा जनसंपर्क, गोरगरिबांचा कैवारी, एवढं सगळं एकाच अंगात घेऊन हिंडणारा माणूस दिसला असता तर लक्षात राहिला असता की. फोटो मात्र ओळखीचा असतो. परवाच हाफ पॅन्टवर दुधाची पिशवी घेऊन जाताना बघितलेला असतो त्याला. तर हा फोटो आणि हा मजकूर एकाच माणसाचा आहे असं पटवून द्यायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याचे हाल मी आता सांगू शकतो, कारण 2021 साली ते माझ्या गळ्यात पडलं.

त्या वर्षी 3 सप्टेंबरला बेळगाव महापालिकेची निवडणूक होती. 58 वॉर्ड, पक्षांच्या चिन्हावर पहिल्यांदाच लढाई, त्यामुळे मोठे पक्ष गाड्याघोड्यांसकट उतरलेले, आणि आमचा वॉर्ड नेमका महिला राखीव झाला. राखीव झाल्या झाल्या गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना आपापल्या बायकांमध्ये नेतृत्वगुण दिसायला लागले. आमच्या दादाला पण दिसले. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि वहिनी म्हणजे त्याची बायको, जी गेली बारा-पंधरा वर्षं एका सोसायटीची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत, घरोघर गोळा करते, आणि त्यासाठी वॉर्डातल्या निम्म्या घरांची दारं रोज ठोठावते. अपक्ष उभं राहायचं ठरलं. कोरोनामुळे मोठ्या सभा नव्हत्या, घरोघर जायचं ते पण चार-पाच जणांनी, म्हणून सगळा भर पत्रकावर. आणि शाळेत असताना मला निबंधात एकदा बक्षीस मिळालं होतं हे घरात कुणीतरी लक्षात ठेवलं होतं.

वहिनीची एकच अट. "भाऊजी, जे मी केलं न्हाई ते लिवू नका. उद्या परत पिग्मीला त्याच दारात जायचंय मला."

अट ऐकायला सोपी वाटली. लिहायला बसल्यावर कळलं की खरं लिहिण्यासाठी आधी खरं काय झालं होतं हे हुडकायला लागतं, आणि ते घरातल्या माणसांनासुद्धा माहीत नसतं.

त्याआधी प्रेसची गोष्ट सांगतो. प्रेसवाल्या मामांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाले, "मजकुराची काळजी करू नकोस. आमच्याकडं तयार आहे. नाव आणि फोटो तेवढा दे." त्यांच्या डीटीपीवाल्या पोराने फाईल उघडली तर खरंच तयार होता. पुरुष असेल तर कर्तव्यदक्ष, बाई असेल तर सुसंस्कृत, वय पन्नासच्या वर असेल तर अनुभवी आणि खाली असेल तर तडफदार. शिक्षणाच्या जागी नुसतं "उच्चशिक्षित". मी विचारलं, उच्चशिक्षित म्हणजे कितवी? पोरगा म्हणाला, "आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही सर." त्याच पोराने वर हे पण सांगितलं की एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड, फोटो आणि चिन्ह मोठं पाहिजे, हात जोडलेले दिसले पाहिजेत, मग मजकुराला उरते ती जागा शंभर-सव्वाशे शब्दांची. विशेषणं घातली तर तेवढ्यात काहीच बसत नाही आणि तरी पत्रक भरतं, म्हणून लोक विशेषणं घालतात असं माझं मत झालं.

शिक्षणापासून सुरुवात केली, कारण वाटलं तिथं भांडण नाही. दादा म्हणाला, "बी.ए. लिव."

"झालं नाही की."

"कॉलेजला नाव घातलं होतं की."

"अरे दादा, तू चार दिवस गोव्याला गेला होतास, म्हणून तुला गोवेकर म्हणायचं काय?"

वहिनीचं माहेर चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं. दहावी तिकडं 1998 ला. बारावी आर्ट्स, मार्च 2000 ला इंग्रजीत उडाली, ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटली. मग शिवाजी विद्यापीठाचा बी.ए. भाग एकचा बहिस्थ फॉर्म भरला, पुस्तकं आणली, आणि 2002 ला परीक्षेच्या तोंडावर लग्न लागलं. पुस्तकं रुखवतात मांडली होती म्हणे. झालं एवढंच. त्यानंतर बेळगावात सहा महिन्यांचा शिवणक्लास, त्याचं सर्टिफिकेट आहे पण ते क्लासवाल्या बाईंनीच छापलेलं आहे.

आता ह्यातलं काय लिहायचं? दादाची माघार पायरी पायरीने झाली. बी.ए. नको तर "बी.ए. (अपूर्ण)" लिव. हे मला पण आधी बरं वाटलं, कारण खोटं नाही. पण वहिनी म्हणाली, "मी दारात पत्रक वाचताना लोकांचे डोळे बघितल्यात. बी.ए. पर्यंत वाचत्यात आणि फोटोकडं जात्यात. कंस कोण वाचतंय?" मग दादा म्हणाला "पदवीचे शिक्षण घेतले" लिव, त्यात पास झाले असं कुठं म्हटलंय? त्याच्यापुढं "पदवीपर्यंत शिक्षण". ह्या "पर्यंत"ची गंमत अशी की त्याचा अर्थ पदवी धरून की पदवी सोडून हे वाचणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचं, आणि वाचणारा बिचारा नेहमी चांगलंच ठरवतो. अशा वाक्यांची एक खूण मला तिथंच सापडली. परीक्षेचं नाव आहे पण पास झाल्याचं साल नाही, असं वाक्य दिसलं की समजायचं, आत काहीतरी शिजतंय.

शेवटी प्रश्न वकील काकांकडं गेला, कारण नामपत्रासोबतचं प्रतिज्ञापत्र तेच भरत होते. त्यात शिक्षण असतं, मालमत्ता असते, केसेस असतील तर त्या असतात. वहिनीच्या मंगळसूत्राचं वजन किती ह्यावर घरात एक वेगळं महाभारत झालं, ते सोडून देतो. काकांनी चष्मा वर केला आणि मणिपूरची केस सांगितली. तिथल्या मोइरांग मतदारसंघात 2012 ला निवडून आलेल्या आमदाराने प्रतिज्ञापत्रात आपण एमबीए आहोत असं लिहिलं होतं, आणि विद्यापीठ कुठलं तर आपलं म्हैसूर. मणिपूरला बसून कोण म्हैसूरला विचारायला जातंय असं वाटलं असेल. पण गेले की लोक विचारायला. डिग्री नव्हती. मग ती क्लार्कची चूक झाली असं सांगून बघितलं, ते चाललं नाही, आणि 2016 ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रद्द झाली ती बरोबरच म्हणून सांगितलं. "आणि तुझं चंदगड इथनं तासाभरावर आहे," काका दादाला म्हणाले.

दादा म्हणाला, "ते प्रतिज्ञापत्र झालं ओ. पत्रकावर काय लिवायचं ते आमचं आम्ही बघू की."

त्यावर काकांचं उत्तर मला फार आवडलं. पत्रक खोटं आहे म्हणून कोर्टात कोण जाईल न जाईल, पण प्रतिज्ञापत्र कुणालाही बघायला मिळतं. समोरच्याच्या पोरांनी एका हातात ते धरलं आणि एका हातात पत्रक, मोबाईलवर फोटो काढला आणि टाकला ग्रुपवर, तर कोर्ट कशाला पाहिजे? दोन्ही कागदांवर एकच ओळ पाहिजे, अक्षराला अक्षर. आणि अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली जी माझ्या डोक्यात आलीच नसती, की बारावीच्या सर्टिफिकेटवर नाव माहेरचं आहे आणि निवडणूक सासरच्या नावाने, तेव्हा ते पण लिहून टाक, नाहीतर खरं सर्टिफिकेट असून पण लोक म्हणतील दुसऱ्या बाईचं दाखवालेत.

तर शिक्षणाची ओळ झाली: बारावी आर्ट्स पास, महाराष्ट्र बोर्ड, ऑक्टोबर 2000. नापास झाल्याचं पण लिहा म्हणून वहिनी हट्टाला पेटली होती. मी म्हटलं, ऑक्टोबर लिहिलंय ना, ज्याने ज्याने ऑक्टोबरची वारी केलीय त्याला बरोबर कळतंय, बाकीच्यांना कळायची गरज नाही. प्रामाणिकपणाला पण शंभर शब्दांचीच जागा आहे.

मग आलं समाजकार्य. इथं घरातली सगळी माणसं, गल्लीतले दोन पंच आणि प्रेसचा पोरगा एका बाजूला, आणि मी आणि वहिनी एका बाजूला. दादाची यादी अशी होती: रक्तदान शिबिरांचे आयोजन, वॉर्डाचा पाणीप्रश्न सोडवला, हजारो पूरग्रस्तांना मदतीचा हात, शेकडो निराधारांना पेन्शन मिळवून दिली, महिलांचे आर्थिक सक्षमीकरण. मी एकेक ओळ घेऊन विचारायला लागलो, की हे कुणी केलं, कधी केलं, आणि ज्याने खरं केलं तो आपल्या गल्लीत राहतोय काय. तिसरा प्रश्न सगळ्यात वाईट. बेळगावात तो माणूस नेहमी शेजारीच राहत असतो.

रक्तदान घ्या. शिबिर झालं होतं शिवजयंतीला, मंडळाने घेतलं होतं, रक्तपेढी आली होती, मंडळाचे अध्यक्ष समोरच्या घरात. वहिनीचा त्यात भाग काय? तर तिने रक्त द्यायला हात पुढं केला होता. बोटाला सुई टोचून बघितलं तर हिमोग्लोबिन 11.2 निघालं आणि लागतं किमान 12.5, म्हणून नर्सबाईंनी उठवलं. मग उठवलंयच तर बसून काय करायचं म्हणून ती नोंदणीच्या टेबलावर बसली. दिवसभर नाव, वय, वजन आणि मागच्या वेळी कधी दिलं होतं हे लिहून घेतलं. पुरुषाला दोन वेळांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, आणि आमची पोरं जोशात महिन्याभरापूर्वी दुसऱ्या मंडळात देऊन आलेली असायची आणि इथं "आठवत न्हाई" म्हणायची. वहिनी पिग्मीवाली. तिला दुसऱ्यांचं पण आठवतंय. "तू गेल्या महिन्यात शहापुरात दिलास की रे, बिस्किटाचा पुडा आणि पेन मिळालं म्हणून सांगत होतास" असं म्हणून तिने दोघातिघांना परत पाठवलं. माझ्या मते त्या शिबिरातलं हे सगळ्यात कामाचं काम. पण पत्रकात ते कसं लिहायचं? "रक्तदान शिबिरात रक्त देऊ पाहणाऱ्यांना हाकलले"? दादाने कपाळाला हात लावला. ती ओळच काढून टाकली. काढताना मला वाईट वाटलं, वहिनीला नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. आमच्या गल्लीचं खालचं टोक उताराला असून पण पाणी तिथं पोचायचं नाही, कारण जुना पाइप आतून गंजून बारीक झाला होता. चार-पाच दिवसांनी पाणी सुटायचं आणि खालच्या घरात दोन कळश्या भरल्या की संपलं. 2018 ला वहिनीने पिग्मी गोळा करता करता एक कागद फिरवला, 63 घरांच्या सह्या झाल्या, अर्ज दिला आणि त्याच्या नकलेवर आवक नंबर आणि शिक्का मारून घेतला. हा शिक्का घेणं म्हणजे खरं कसब, कारण शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं पुढच्या वेळी ऐकायला मिळतं. मग मध्ये मध्ये जाऊन विचारलं. काही महिन्यांनी पाइप बदलला. आता तो पाइप वॉर्डातले तीन उमेदवार आणि एक माजी नगरसेवक, सगळ्यांनी आपापल्या पत्रकात टाकला होता. एवढ्या लोकांनी आणलेला पाइप असून पाणी अजून चार दिवसांनीच येतं ती गोष्ट वेगळी.

इथं मला जे कळलं ते एवढंच, की पत्रकात सगळा खेळ क्रियापदाचा आहे. स्वतः केलं, करून घेतलं, अर्ज दिला, सोबत गेले, तिथं हजर होते, ही पाच वेगवेगळी कामं आहेत, आणि पत्रकात छापून आली की पाचांचं एकच "केलं" होतं. शाळेची इमारत सरकारने बांधलेली असते, नारळ आमदारांनी फोडलेला असतो, आणि फोटोत चौथ्या रांगेत ज्याचा नुसता कान दिसतोय तो पण लिहितो, "शाळेची इमारत बांधली". वहिनीच्या बाबतीत खरं क्रियापद होतं "अर्ज दिला" आणि "विचारायला गेले". दादा म्हणाला, ह्याला कोण मत घालंल? पंच म्हणाले, बाई भित्री वाटालीय. मी म्हटलं, ज्याने एकदा तरी सरकारी ऑफिसात शिक्का मारून घेतलाय त्याला विचारा भित्री काय ते.

ऑगस्ट 2019 च्या पावसाचं मात्र सोपं गेलं, कारण वही होती. त्या वेळी बेळगावात सखल भागात घराघरात पाणी घुसलं होतं, आमच्या खालच्या टोकाला पण. मंडळाच्या हॉलमध्ये लोकांना आणलं आणि सहा दिवस जेवण केलं. वहिनीच्या वहीत रोजचं लिहिलेलं आहे: तांदूळ कुणी दिला, डाळ कुणी दिली, गॅसचं सिलिंडर कुणाच्या घरातलं, पंगतीला किती माणसं. सगळ्यात जास्त एका रात्री 42. दादाच्या "हजारो पूरग्रस्तां"मधले 42. शेवटच्या पानावर लिहिलंय, शिल्लक 340 रुपये, गणपती मंडळात जमा, आणि खाली खजिनदाराची सही. मी दादाला म्हटलं, हे 340 रुपये तुझ्या कैवारीपेक्षा भारी आहेत. वहीच छापूया म्हणून माझा आग्रह होता, पण प्रेसवाले मामा म्हणाले कलरमध्ये डाळ चांगली दिसणार नाही.

महिला सक्षमीकरणावर वहिनीने स्वतःच फुली मारली. पिग्मी ही नोकरी आहे, कमिशन मिळतं, त्यात उपकार कसले? ते नोकरी म्हणूनच लिहा.

उरली पेन्शन. शेकडो निराधार म्हणजे वहिनीने मोजून 11 जणांचे अर्ज भरून दिले होते, कुणाची विधवा पेन्शन, कुणाची संध्या सुरक्षा. सात मंजूर, चार लटकलेले. दादा म्हणाला सातच लिव. वहिनी म्हणाली, मग ते चौघं काय म्हणतील? त्यांची नावं घालायची काय असं मी विचारलं तर दोघं एकदम ओरडले, नको. ते बरोबरच होतं. पेन्शन घेतोय हे सगळ्या वॉर्डाला कळावं असं कुणाला वाटतंय? तिथं आकडा पुरे.

एवढं झाल्यावर दादाने शेवटचा पत्ता टाकला, "सीमालढ्याचा वारसा". आप्पा, म्हणजे वहिनीचे सासरे आणि माझे काका, 1986 च्या कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात पकडले गेले होते. हे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलोय. आप्पा कोपऱ्यात आडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते, ते थांबले. म्हणाले, "मी भाजी आणायला गेलो होतो रे. पोलिसांनी गर्दी हाकलली त्यात मला बी गाडीत घातलं. संध्याकाळी सोडलं. पिशवीत दोडके होते, ते बी परत दिले." दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पस्तीस वर्षं घरात जी गोष्ट चालली तिच्यातनं एकदम दोडके निघाले. आप्पा पुढं म्हणाले, "त्या आंदोलनात माणसं गेल्यात. त्यांच्या ओळीला माझं नाव लावू नका." आणि परत सुपारी कातरायला लागले. ती ओळ पण गेली.

मग जे उरलं ते असं छापलं:

"माझं माहेर चंदगड तालुक्यातलं. 2002 पासून याच गल्लीत राहते. वय 39. शिक्षण बारावी आर्ट्स पास, महाराष्ट्र बोर्ड, ऑक्टोबर 2000. सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आहे. पुढे सहा महिन्यांचा शिवणक्लास केला. कन्नड बोलते आणि वाचते, लिहायला वेळ लागतो. पिग्मी गोळा करणं ही माझी नोकरी आहे, त्याचं कमिशन मिळतं.

2018 साली गल्लीच्या खालच्या टोकाला पाणी येत नव्हतं म्हणून 63 घरांच्या सह्या घेऊन अर्ज दिला आणि काम होईपर्यंत विचारायला गेले. ऑगस्ट 2019 च्या पावसात मंडळाच्या हॉलमध्ये सहा दिवस जेवण केलं. धान्य आणि पैसे गल्लीने दिले, स्वयंपाकात मी होते आणि हिशोब मी ठेवला. वही माझ्याकडे आहे, कुणीही बघू शकता. पेन्शनचे 11 अर्ज भरून दिले, 7 मंजूर झाले, 4 अजून झालेले नाहीत. याआधी मी कुठलीही निवडणूक लढवलेली नाही."

छापायच्या आधी मी एक केलं, हे सगळं मंडळाच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. अध्यक्ष, खजिनदार, खालच्या टोकाची चार घरं, सगळे होते. कुठल्या ओळीला लोक हसतात किंवा एकमेकांकडं बघतात ते बघायचं, तिथं गडबड आहे समजायचं. एकाच ठिकाणी बघितले. मी आधी "स्वयंपाक मी केला" लिहिलं होतं, आणि समोरच्या काकू म्हणाल्या, "आणि आम्ही काय कांदे मोजत होतो काय?" ते "स्वयंपाकात मी होते" त्यांच्यामुळं आलं.

प्रूफ आलं तर मराठी बाजू ठीक. खाली छापणाऱ्याचं नाव, पत्ता, प्रती 2000, सगळं जिथल्या तिथं. कन्नड बाजू वहिनी बोट ठेवून ठेवून वाचायला लागली आणि शिक्षणापाशी बोट थांबलं. तिथं होतं "पदवीधरे". पोराने कन्नड बाजू मागच्या कुठल्यातरी उमेदवाराच्या फाईलवर केली होती, फोटो बदलला, नाव बदललं, डिग्री तशीच राहिली. पोरगा म्हणाला, "अक्का, राहू दे की, तेवढंच चांगलं दिसतंय." म्हणजे जी डिग्री दादाला भांडून मिळाली नाही ती पोराने फुकटात देऊन टाकली होती. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या कन्नड शाळेच्या बाईंना बोलावून सगळी बाजू नव्याने लिहून घेतली आणि बाईंकडूनच परत वाचून घेतली.

पत्रक वाटल्यावर काय झालं? पहिल्या दिवशी लोकांना वाटलं मजकूर अर्धा राहिलाय. एकाने विचारलं, पुढचं पान कुठं आहे? वही बघायला मात्र खरंच माणसं आली, आणि त्यात तिघं असे निघाले की आपण दिलेला तांदूळ वहीत चार किलो लिहिलाय, खरा पाच किलो होता, म्हणून भांडून गेले. समोरच्या पार्टीच्या पोरांनी "बारावी पास" वरून थोडी टिंगल केली, आणि मग त्यांच्यातल्याच कुणीतरी आपल्या उमेदवाराचं "उच्चशिक्षित" म्हणजे कितवी असं ग्रुपवर विचारलं आणि टिंगल थांबली.

खरा घोळ त्या चार अर्जांचा झाला. प्रचार ऐन रंगात असताना एक आजी पत्रकाची चार घड्यांची पुंगळी कमरेला खोचून वाटेत उभी राहिली. "सात झाले, चार न्हाई झाले, असं लिवलीस न्हवं? त्या चारात मी हाय. माझं कधी करतीस?" वहिनी तिथंच पायरीवर बसली, आजीची प्लॅस्टिकची पिशवी उघडली. आधार कार्डावर नाव एक, रेशन कार्डावर दुसरं, अडकलं होतं ते तिथंच. दादा घड्याळ बघालाय, पुढच्या गल्लीत लोक थांबल्यात, आणि वहिनी पत्रकाच्या कोऱ्या कडेला आजीला लिहून देते आहे, सोमवार, सकाळी अकरा, तहसीलदार ऑफिस, दोन्ही कार्डं घेऊन यायचं.

घरी आल्यावर मी कॅलेंडर बघितलं. तो सोमवार म्हणजे 6 सप्टेंबर, मतमोजणीचा दिवस. दादा म्हणाला, आजीला दुसरी तारीख दे. वहिनी म्हणाली, छापलेल्या पत्रकावर लिवून दिलंय, आता कसं बदलायचं? आणि मोजणी काय मी नसले म्हणून थांबतीय होय?

सोमवारी दादाने मोजणी केंद्राच्या बाहेरून फोन लावला, आवाजच सांगत होता की काहीतरी झालंय. वहिनी तेव्हा ऑफिसच्या खिडकीत आजीचं आडनाव आधी घालायचं की नाव आधी यावर क्लार्कशी वाद घालत होती. म्हणाली, "शिक्का तेवढा मारून घेते, मग करा."